गल्ल्यावरचा कीबोर्ड: कळांची मांडणी पाहून भाषा आणि देश कसा ओळखावा

एखादे छायाचित्र कुठे काढले असेल, हे त्यातील वस्तूंवरून ओळखण्याचा सराव नागपुरात आमचा एक छोटा गट दर रविवारी सकाळी करतो. दुकानाच्या पाट्या आणि वाहनांचे क्रमांक यांत आता सहसा कोणी चुकत नाही, पण गल्ल्यावर किंवा टेबलावर कीबोर्ड दिसला की चुका सुरू होतात, आणि त्या जवळजवळ नेहमी त्याच तीन असतात. कीबोर्ड उलटा आहे हे लक्षात न घेता तो वाचला जातो. एखादे ओळखीचे अक्षर दिसताच पुढे न पाहता देशाचे नाव घेतले जाते. आणि कीबोर्ड ज्या देशासाठी बनला, तोच देश छायाचित्राचाही आहे असे गृहीत धरले जाते. पुढील पायऱ्या या तीन चुका टाळण्यासाठी लावल्या आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये, कारण प्रत्येक पायरीतील निष्कर्ष मागच्या पायरीवर उभा आहे.

तयारी

मूळ छायाचित्राला हात न लावता त्याची एक प्रत काढावी आणि काम त्या प्रतीवर करावे. उजेड आणि गडदपणा वाढवायला हरकत नाही. चित्राची धार मात्र फार वाढवू नये, कारण u वर दोन टिंबे आहेत की नाहीत याच प्रश्नावर पुढे देश ठरणार असतो आणि धार वाढवल्याने नसलेली टिंबे उमटतात किंवा असलेली पुसली जातात.

एका कागदावर कीबोर्डच्या चार ओळी आखून घ्याव्यात: आकड्यांची एक आणि अक्षरांच्या तीन. जे अक्षर निःसंशय दिसते तेवढेच त्या चौकटीत लिहावे, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाकावे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण ज्यांनी ते टाळले त्यांनी दिसलेली अक्षरे नव्हे तर अपेक्षित अक्षरे वाचली, असा आमचा अनुभव आहे.

मांडण्या ताडून पाहण्यासाठी विंडोजमध्येच सोय आहे. सेटिंगमधून हवी ती भाषा किंवा कीबोर्ड मांडणी जोडावी, विंडोज चिन्हाची कळ आणि R एकत्र दाबून पुढील आज्ञा द्यावी:

```
osk
```

पडद्यावर कीबोर्ड उघडतो आणि मांडणी बदलली की त्यावरील अक्षरे बदलतात. या चित्रातील कळांच्या आकारावर विसंबू नये. ते फक्त कोणते अक्षर कुठे आहे हे पाहण्यासाठी वापरावे.

पायरी 1: छायाचित्र सरळ करणे

दुकानातील छायाचित्र बहुधा गिऱ्हाइकाच्या बाजूने काढलेले असते आणि कीबोर्ड मात्र दुकानदाराकडे तोंड करून ठेवलेला असतो. म्हणजे आपल्याला तो डोके खाली, पाय वर असा दिसतो. आपला मेंदू अशा वेळी अक्षरे आपोआप सरळ करू पाहतो आणि तिथेच फसतो: M चा W होतो, 6 चा 9 होतो, n चा u होतो. Z, N, S, O, X, H आणि I ही अक्षरे तर अर्धा फेरा फिरवूनही तशीच राहतात, त्यामुळे उलट्या चित्रात ‘Z सापडला’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तो कोणत्या ओळीत आणि कोणाच्या शेजारी आहे हेच महत्त्वाचे, आणि ते चित्र फिरवल्याशिवाय नीट कळत नाही.

म्हणून आधी प्रत 180 अंशांत फिरवावी. मग तीन खुणा तपासाव्यात: स्पेसबार खाली आहे का, एंटरची कळ अक्षरांच्या उजवीकडे आहे का, आणि आकड्यांचा वेगळा गठ्ठा असल्यास तोही उजवीकडेच आहे का. स्पेसबार खाली, पण एंटर आणि आकडे डावीकडे असे दिसले, तर चित्र आरशातल्यासारखे पालटलेले आहे. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रात हे पुष्कळदा होते. ते आडवे पालटून घ्यावे.

*इशारा:* पालटलेल्या चित्रात A, H, M, O, T, U, V, W, X, Y ही अक्षरे सरळच दिसतात. त्यांच्या आधाराने ‘चित्र बरोबर आहे’ असे ठरवू नये. E, R, L किंवा एखादा आकडा शोधावा.

पायरी 2: अक्षरांआधी आकार

अक्षरे पुसट असली तरी कळांचे आकार बहुधा दिसतात आणि तेच प्रथम वाचायचे असतात. आपल्याकडच्या बहुतेक कीबोर्डवर एंटरची कळ आडवी, एकाच ओळीची असते आणि डावी शिफ्ट लांब असते. ही अमेरिकी घडण आहे. युरोपातील बहुतेक देशांत आणि ब्रिटनमध्ये एंटर उभी, दोन ओळी व्यापणारी असते. तिथे डावी शिफ्ट आखूड असते आणि शिफ्ट व पहिले अक्षर यांच्यामध्ये एक जादा कळ बसवलेली असते.

इथे एक सोपी मोजणी उपयोगी पडते. अक्षरांच्या सर्वांत खालच्या ओळीत, दोन शिफ्टच्या मधल्या कळा मोजाव्यात. दहा आल्या तर अमेरिकी घडण, अकरा आल्या तर युरोपीय. बारा आल्या तर कीबोर्ड बहुधा ब्राझीलचा आहे. तिथे डावीकडे एक आणि उजव्या शिफ्टजवळ एक अशा दोन जादा कळा असतात. जपानी कीबोर्डवरही अकराच येतात, पण त्याची डावी शिफ्ट लांब असते आणि स्पेसबार लक्षात येण्याइतका तोकडा असतो, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना लिपी बदलण्याच्या कळा दाटीने बसवलेल्या असतात.

*इशारा:* काही जुन्या स्वस्त कीबोर्डवर एंटर मोठी, उलट्या एल आकाराची असते आणि तरीही घडण अमेरिकीच असते. म्हणून केवळ एंटर पाहून थांबू नये. डावी शिफ्ट लांब आणि मोजणी दहाची असेल, तर एंटर कितीही मोठी असो, तो कीबोर्ड युरोपीय घडणीचा नाही.

आडव्या एंटरवरून ‘अमेरिका’ असे लिहून टाकणे ही नवशिक्यांची आवडती चूक आहे. हीच घडण भारतात चालते, चीनच्या मुख्य भूमीत चालते, आणि युरोपात पोलंड व नेदरलँड्समध्येही ती सर्रास दिसते. पोलिश लोक आपली खास अक्षरे उजव्या ऑल्टच्या कळीने काढतात आणि ती कळांवर छापलेलीही नसतात. साध्या अमेरिकी कीबोर्डचा खरा उपयोग इतकाच की तो फ्रान्स, जर्मनी, स्पेन, जपान यांसारख्या देशांची शक्यता कमी करतो.

पायरी 3: चार जागा वाचणे

आता अक्षरे. पूर्ण कीबोर्ड वाचण्याची गरज नसते. चार जागा पुरतात आणि त्या याच क्रमाने पाहाव्यात: टॅबच्या लगेच उजवीकडची कळ, T आणि U यांच्यामधली कळ, L च्या उजवीकडची कळ, आणि P च्या उजवीकडची कळ.

टॅबशेजारी Q ऐवजी A असेल, तर मांडणी अझर्टी आहे, म्हणजे प्रामुख्याने फ्रान्स किंवा बेल्जियम. या दोघांत फरक करायला आकड्यांच्या ओळीत जावे. फ्रान्समध्ये 6 च्या कळीवर छोटी आडवी रेघ असते आणि 8 वर अधोरेखेचे चिन्ह. बेल्जियममध्ये 6 वर § आणि 8 वर उद्गारचिन्ह असते. चित्र बरे असेल तर ही एकच तपासणी पुरते.

टॅबशेजारी Q आणि T-U मध्ये Y असेल, तर मांडणी आपल्या ओळखीची क्वर्टी आहे आणि खरी माहिती L च्या उजवीकडे मिळते. तिथे Ñ असेल तर स्पॅनिश. स्पेनच्या कीबोर्डवर Ç ची वेगळी कळ असते, लॅटिन अमेरिकेच्या कीबोर्डवर ती नसते. L शेजारी Ç असेल तर पोर्तुगाल किंवा ब्राझील, आणि त्यांचा निवाडा मागच्या पायरीतल्या मोजणीनेच झालेला असतो. L शेजारी Ö आणि P शेजारी Å असेल तर स्वीडन किंवा फिनलंड, जे कीबोर्डवरून वेगळे काढता येत नाहीत. L नंतर आधी Æ आणि मग Ø असेल तर डेन्मार्क. आधी Ø आणि मग Æ असेल तर नॉर्वे. उत्तर युरोपासाठीच्या काही कीबोर्डवर एकाच कळीवर दोन-तीन देशांची अक्षरे वेगवेगळ्या रंगांत छापलेली असतात. तसे दिसले तर देश ठरवण्याचा हट्ट सोडावा.

ब्रिटिश कीबोर्डवर L शेजारी अर्धविरामच असतो. तो ओळखायचा उभ्या एंटरवरून आणि 3 वरच्या £ वरून. इटालियन कीबोर्डवरही 3 वर £ असते, पण तिथे L शेजारी ò असतो.

पायरी 4: T आणि U च्या मध्ये Z असेल तर

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे थांबून वाचावे. T-U मध्ये Z दिसला की मांडणी क्वर्ट्झ, आणि क्वर्ट्झ म्हणजे जर्मनी, असे समीकरण बहुतेकांच्या डोक्यात पक्के असते. प्रत्यक्षात जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, लिश्टेनस्टाइन, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, हंगेरी, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बॉस्निया आणि सर्बिया इतक्या ठिकाणी Z तिथेच असतो. मी स्वतः एकदा एका बेकरीच्या गल्ल्यावरील कीबोर्डवर Z, ö आणि ü एवढे पाहून जर्मनी म्हटले होते. उत्तर हंगेरी निघाले. चूक कुठे झाली ते आकड्यांच्या ओळीच्या डाव्या टोकाला स्पष्ट दिसत होते, पण मी तिथे पाहिलेच नव्हते.

तेव्हापासून Z सापडताच मी पुढील क्रमाने जातो.

आधी आकड्यांच्या ओळीचे डावे टोक पाहावे. 1 च्या डावीकडे 0 असेल तर कीबोर्ड हंगेरियन आहे. हे वैशिष्ट्य इतके ठळक आहे की एकट्यानेच पुरते. 9 नंतर ö, ü, ó ही अक्षरे आणि डाव्या शिफ्टशेजारी í दिसला तर शंका उरत नाही.

तसे नसेल तर 2 पासून 5 पर्यंतच्या कळांवर चिन्हांसोबत अक्षरेही आहेत का ते पाहावे. ě, š, č, ř असा क्रम चेक. Ľ, š, č, ť असा क्रम स्लोव्हाक. डोक्यावरच्या खुणा अंधुक असतील तर अक्षराचा मूळ आकार पाहावा: 2 वर e सारखे गोल काही असेल तर चेक, l सारखे उभे काही असेल तर स्लोव्हाक, 5 वर r आणि t यांचा फरकही असाच ओळखता येतो.

आकड्यांवर अक्षरे नसतील तर L आणि P च्या उजवीकडे जावे. š, đ, č, ć, ž असतील तर तो दक्षिण स्लाव देशांचा लॅटिन कीबोर्ड आहे. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बॉस्निया आणि सर्बियाची लॅटिन मांडणी एकच असल्यामुळे कीबोर्डवरून त्यांच्यात निवड करता येत नाही, आणि ती केल्यास तो अंदाज असतो, वाचन नव्हे.

तिथे ö, ä, ü असतील तरच जर्मन कुटुंबाकडे यावे, आणि इथेही एक फाटा आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या कीबोर्डवर या कळांवर एकेकच अक्षर असते आणि 0 च्या उजवीकडे ß असतो. स्वित्झर्लंडच्या कीबोर्डवर त्याच कळांवर दोन-दोन अक्षरे असतात: ü सोबत è, ö सोबत é, ä सोबत à. ß तिथे नसतोच. आणखी एक खूण दुरूनही दिसते: 1 च्या वर जर्मन कीबोर्डवर उद्गारचिन्ह असते, स्विस कीबोर्डवर अधिकचे चिन्ह. उद्गारचिन्ह म्हणजे बारीक उभी रेघ आणि अधिक म्हणजे फुली, त्यामुळे अक्षरे न वाचण्याइतक्या लहान चित्रातही हा फरक कधीकधी कळतो.

*तपासणी:* इथपर्यंत आल्यावर कागदावर निदान तीन निःसंशय कळा भरलेल्या असायला हव्यात आणि त्या तिन्ही एकाच मांडणीशी जुळायला हव्यात. एक जरी जुळत नसेल तर पायरी 1 वर परत जावे. दहापैकी आठ वेळा चित्र पालटलेले असते.

पायरी 5: कळांवरचे शब्द

शब्द अक्षरांपेक्षा मोठे असल्यामुळे ते आधी वाचावेत असे वाटते, पण ते मांडणीची खातरजमा करण्यासाठी वापरणे अधिक सुरक्षित असते. जर्मन कीबोर्डवर कंट्रोलच्या कळीवर Strg आणि डिलीटवर Entf असते. डिलीटचीच कळ फ्रान्समध्ये Suppr, स्पॅनिशमध्ये Supr आणि इटलीत Canc असते. एका p च्या फरकावर देश बदलतो, म्हणून हा शब्द नुसता नजरेने न वाचता अक्षरे मोजून वाचावा.

स्विस कीबोर्ड तीन भाषकांना विकायचा असल्यामुळे त्यावर बहुधा Ctrl आणि Delete असे इंग्रजी शब्दच ठेवतात. म्हणजे क्वर्ट्झ मांडणीवर Ctrl दिसणे ही स्वित्झर्लंडला बळ देणारी गोष्ट आहे, पण पुरावा नव्हे. अॅपलच्या युरोपीय कीबोर्डवर शिफ्ट, टॅब आणि रिटर्नवर शब्दांऐवजी बाणांची चिन्हे असतात, त्यामुळे तिथे Strg नसण्याला काही अर्थ नाही.

पायरी 6: दुसरी लिपी, आणि ती छापील आहे की चिकटवलेली

कळीवर लॅटिन अक्षराशेजारी दुसऱ्या लिपीचे अक्षर असेल तर भाषेचा शोध एकदम अरुंद होतो. तरी लिपी ओळखली म्हणजे देश ओळखला असे नाही. सिरिलिक दिसल्याबरोबर रशिया म्हणू नये: S च्या कळीवर Ы असेल तर रशियन, І असेल तर युक्रेनियन, आकड्यांच्या ओळीत ә, ғ, қ यांसारखी अक्षरे असतील तर कझाख. अरबी लिपीत پ, چ आणि گ या कळा दिसल्या तर तो साधा अरबी कीबोर्ड नाही. फारसी किंवा तिच्या शेजारच्या भाषांकडे वळावे. चिनी कीबोर्डबाबत तर उलटेच आहे: मुख्य भूमीतील कीबोर्ड बहुधा कोरा अमेरिकी असतो, आणि कळांवर ㄅ, ㄆ, ㄇ अशी चिन्हे दिसली तर तैवान.

देवनागरीबाबत आपण मराठी माणसांनीच अधिक सावध राहायला हवे, कारण आपली लिपी दिसली की आपण हुरळून जातो. कीबोर्डवर छापलेली देवनागरी बहुधा इनस्क्रिप्ट मांडणीची असते, ज्यात क हा K वर, र हा J वर आणि ल हा N वर असतो. N वरच शिफ्टने ळ मिळतो. पण हिंदीच्या इनस्क्रिप्टवरही तो ळ तिथेच छापलेला असतो, त्यामुळे ‘ळ दिसला म्हणून महाराष्ट्र’ हा तर्क टिकत नाही. इनस्क्रिप्टची रचना भारतीय लिप्यांना समान असल्याने बंगाली कीबोर्डवरही K वर ক च असतो. क हा D वर असेल तर ती टंकलेखन यंत्राच्या परंपरेतली रेमिंग्टन मांडणी आहे, आणि तसा कीबोर्ड दिसला तर टंकलेखन वर्ग, अर्ज लिहून देणारा किंवा छपाईचे दुकान अशी जागा असण्याची शक्यता वाढते.

देवनागरी मुळीच नसेल तर 4 ची कळ पाहावी. भारतासाठी बनवलेल्या अनेक लॅपटॉपवर तिथे $ सोबत ₹ असते. हे चिन्ह 15 जुलै 2010 रोजी स्वीकारले गेले, म्हणून त्याआधीच्या कीबोर्डवर ते असणार नाही आणि त्याचा अभाव भारताला वगळत नाही.

*इशारा:* ब्रिटिश कीबोर्डवरही 4 च्या कळीवर $ सोबत तिसरे चिन्ह असते, आणि ते € असते. पुसट चित्रात € आणि ₹ सहज एकमेकांसारखे दिसतात. अशा वेळी चिन्हाकडे रोखून पाहण्यात वेळ न घालवता एंटर पाहावी: आडवी असेल तर ₹, उभी असेल तर €.

शेवटी, दुसरी लिपी छापील आहे की स्टिकरची, हे ठरवावे. स्टिकरची कड दिसते, तो कळीवर किंचित तिरका बसतो आणि काही कळांवरचा निघून गेलेला असतो. छापील अक्षर कीबोर्ड कोणासाठी विकला गेला ते सांगते. स्टिकर तो आता कोण वापरतो ते सांगतो. दोन्ही असतील तर जागेसाठी स्टिकरला अधिक वजन द्यावे. सिलिकॉनचे आवरण असेल तर त्यावरची अक्षरे आवरणाची आहेत, खालच्या कीबोर्डची नव्हेत, हेही पाहून घ्यावे.

पायरी 7: कीबोर्डचा देश आणि जागेचा देश वेगळे लिहिणे

ही पायरी गटातील सगळ्यांना पटावी म्हणून मी एकदा सीताबर्डीतील एका ओळखीच्या दुकानाच्या गल्ल्याचे छायाचित्र, दुकानदाराला विचारून, सरावासाठी आणले. चौकट इतकी अरुंद ठेवली होती की लॅपटॉप, त्याच्या मागची भिंत आणि बिलांचा एक गठ्ठा एवढेच दिसत होते. कीबोर्डवर एंटर उभी, दोन शिफ्टच्या मधल्या कळा अकरा, 3 वर £, 2 वर अवतरणचिन्ह. चौघांपैकी तिघांनी ब्रिटन लिहिले. कीबोर्डचे वाचन अचूक होते: लॅपटॉप ब्रिटनसाठीच बनलेला होता, जुना म्हणून परदेशातून आला, दुरुस्त होऊन बर्डीत विकला गेला. पण भिंतीवरच्या सॉकेटला तीन गोल छिद्रे होती, वरचे मोठे आणि खालची दोन लहान, आणि त्याच पट्टीवर स्वतंत्र खटका होता. ब्रिटिश सॉकेटची छिद्रे चपटी, आयताकृती असतात. चौथ्या मुलीने कीबोर्डसाठी ब्रिटन आणि जागेसाठी ‘भारत किंवा तसेच सॉकेट असलेला शेजारी देश’ असे दोन वेगळे रकाने भरले होते, आणि तेच उत्तर त्या चित्रातून निघू शकत होते.

म्हणून नोंद नेहमी दोन रकान्यांत करावी. लॅपटॉपचा कीबोर्ड मालकासोबत प्रवास करतो, त्यामुळे त्याला जागेसाठी कमी वजन द्यावे. गल्ल्याच्या संगणकाला वायरने जोडलेला, धूळ बसलेला कीबोर्ड बहुधा त्याच परिसरात विकत घेतलेला असतो. दुकानात एकाच मांडणीचे दोन कीबोर्ड दिसले तर वजन आणखी वाढते. जागेच्या रकान्यात देश लिहिण्यासाठी कीबोर्डशी संबंध नसलेली निदान एक खूण हवी: सॉकेट, किमतीच्या चिठ्ठ्या, दिनदर्शिका.

हे सारे सार्वजनिक किंवा परवानगीने घेतलेल्या चित्रांपुरतेच करावे. कोणा खासगी व्यक्तीचा ठावठिकाणा काढण्याची विनंती आमच्याकडे आली की आम्ही ती बाजूला ठेवतो.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

एका परिचितांनी युरोपच्या प्रवासात काढलेले, फुलांच्या दुकानातील गल्ल्याचे छायाचित्र आम्हाला सरावासाठी दिले. उत्तर त्यांनी पाकिटात बंद करून ठेवले होते.

चित्र गिऱ्हाइकाच्या बाजूने काढलेले होते, म्हणून प्रथम ते 180 अंशांत फिरवले. स्पेसबार खाली आला, एंटर आणि आकडे उजवीकडे आले. पालटण्याची गरज नव्हती. एंटर उभी होती. दोन शिफ्टच्या मधल्या चार कळांवर फुलांची पाने पडली होती, पण डावी शिफ्ट आखूड आणि तिच्याशेजारी जादा कळ स्पष्ट होती. घडण युरोपीय ठरली.

टॅबशेजारी Q. T आणि U मध्ये Z. गटात लगेच ‘जर्मनी’ असा आवाज आला आणि तो थांबवून आम्ही आकड्यांच्या ओळीत गेलो. 1 च्या डावीकडे 0 नव्हता, म्हणून हंगेरी बाद. 2 ते 5 वर अक्षरे नव्हती; 4 च्या कळीवर शेपटीचे c सारखे एक चिन्ह होते, ते ç असू शकेल म्हणून प्रश्नचिन्हासह लिहिले. 1 च्या वर फुली होती, म्हणजे अधिकचे चिन्ह. L च्या उजवीकडच्या कळीवर दोन अक्षरे होती. त्यातले एक टिंबांचे o आणि दुसरे तिरक्या खुणेचे e. आता 4 वरचे ç सुद्धा जुळले, कारण स्विस मांडणीत ते तिथेच असते. डाव्या कोपऱ्यातल्या कळीवर Ctrl होते. कीबोर्डच्या रकान्यात आम्ही ‘स्विस मांडणी’ लिहिले.

जागेच्या रकान्यात मात्र लगेच स्वित्झर्लंड लिहिले नाही, कारण स्विस मांडणी लिश्टेनस्टाइनमध्ये वापरली जाते आणि लक्झेंबर्गमध्येही पुष्कळ दिसते. कीबोर्डवरून भाषाही ठरत नव्हती: जर्मन आणि फ्रेंच स्विस मांडणीत तीच अक्षरे त्याच कळांवर असतात, शिफ्टशिवाय कोणते उमटते एवढाच फरक, आणि तो छापावरून कळेलच असे नाही. मग गल्ल्यामागची दिनदर्शिका पाहिली. वारांच्या ओळीत Lu, Ma, Me, Je अशी सुरुवात होती, म्हणजे फ्रेंच. लिश्टेनस्टाइनची भाषा जर्मन असल्यामुळे ती शक्यता जवळजवळ संपली, पण लक्झेंबर्ग उरला, कारण तिथे फ्रेंच सर्रास चालते.

हा शेवटचा निवाडा दोन खुणांनी झाला. बादलीतल्या फुलांच्या चिठ्ठीवर किंमत 9.50 अशी, मध्ये टिंब देऊन लिहिली होती. लक्झेंबर्गमध्ये तिथे स्वल्पविराम अपेक्षित असतो. आणि गल्ल्याखालच्या सॉकेटची खोबण चपट्या षटकोनाची होती, तिच्यात तीन गोल छिद्रे, मधले किंचित बाजूला सरकलेले. हे स्विस सॉकेट आहे. लक्झेंबर्गमध्ये जर्मन पद्धतीची गोल खोबण असते.

नोंदवहीत अखेर असे लिहिले: ‘कीबोर्ड: स्विस मांडणी, खात्रीने, आधार L शेजारची कळ, 1 वरचे चिन्ह, 4 वरचे चिन्ह. जागा: स्वित्झर्लंडचा फ्रेंच भाषक पश्चिम भाग, बऱ्याच खात्रीने, आधार सॉकेट, दिनदर्शिका, किंमत. शहर: या चित्रातून ठरत नाही.’ पाकिटात लोझानचे नाव निघाले. एकाने शहराच्या जागी जिनिव्हा लिहून ठेवले होते आणि आधाराचा रकाना कोरा सोडला होता.